दोनशे ग्रॅमची पिशवी

विज्ञानाच्या बाईंनी एकोणीस वर्षं तरफ शिकवली, आणि एवढ्या वर्षांत त्यांची तरफ एकदाही भलतीकडे कलली नाही. कारण ती फळ्यावर होती. खडूने एक आडवी रेघ, तिच्याखाली टेकूचा त्रिकोण, एका टोकाला भार, दुसऱ्या टोकाला बल. पुसली की गेली. फळ्यावरची कप्पीही तशीच गुणी. तिला घर्षण नाही, तिची दोरी गुंतत नाही आणि तिच्यामुळे कुणाच्या पायावर वजन पडत नाही. बाईंचं तिच्यावर प्रेम होतं, पण विश्वास कधी तपासून बघितलेला नव्हता.

ती वेळ आली एका रिकाम्या तासामुळे. गुरुवारी शेवटून दुसरा तास विज्ञानाचा आणि शेवटचा वाचनाचा. वाचनाचा तास दुसऱ्या वारावर हलला, तशी सातवीच्या वेळापत्रकात गुरुवारी एक खिडकी उघडली. त्या खिडकीवर दोघींनी एकाच दिवशी अर्ज केला. विज्ञानाच्या बाईंना आपल्या तासाला जोडून तो हवा होता, म्हणजे जोडतास, म्हणजे मुलांना हातात काहीतरी घेऊन प्रयोग करता येईल. गणिताच्या बाईंना तो जादा सरावासाठी हवा होता.

यात गंमत एवढीच, की गणिताच्या बाई म्हणजे विज्ञानाच्या बाईंची सख्खी नणंद. शाळेत दोघी एकमेकींना 'मॅडम' म्हणायच्या आणि घरी आल्या की 'वन्सं' आणि 'वहिनी'. वन्सं वरच्या मजल्यावर राहायच्या आणि चहा खालच्या मजल्यावर प्यायच्या. चहाला नावंही खालीच ठेवायच्या.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला आणि निकाल दिला.

"येत्या गुरुवारी मी सातवीवर येऊन बसते. साधी यंत्रं. मुलांनी स्वतः काही बांधलं, तपासलं आणि त्यातून त्यांना काही कळलं, तर तास विज्ञानाचा. नुसताच गोंधळ झाला, तर गणिताचा. गणिताच्या बाईंनीही बसावं, म्हणजे नंतर मला कुणी पक्षपाती म्हणायला नको."

"मी कशाला म्हणेन?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "गोंधळ झालाच तर मी फक्त मोजेन."

विज्ञानाच्या बाईंनी त्याच दिवशी टाचण लिहायला घेतलं. पाठाचं टाचण त्या सुबक लिहीत. समास आखलेला, शीर्षक लाल, उद्दिष्टं निळी. मुलं चोवीस, गट सहा, गटात चौघं. टेबलं तीन प्रकारची, प्रत्येक प्रकाराची दोन. पहिल्यावर तरफ: मधोमध दोरीने टांगलेली मीटरपट्टी, एका बाजूला पंधरा सेंटिमीटरवर दोनशे ग्रॅमची वाळूची पिशवी, दुसऱ्या बाजूला शंभराचं वजन कुठे टांगलं की पट्टी आडवी राहते ते शोधायचं. दुसऱ्यावर कप्पी: आधी वर बांधलेली स्थिर, मग भाराबरोबर वर सरकणारी चल. तिसरं टेबल 'बांधा आणि तपासा'. तिथे काठ्या, कप्प्या, सुतळी, खुंट्या आणि एकच हुकूम: दोनशेची पिशवी वीतभर वर उचलेल असं काहीतरी बनवा, आणि किती जोर लागला ते स्प्रिंगच्या ताणकाट्यावर वाचा. प्रस्तावना पाच मिनिटं, प्रत्येक टेबलावर आठ, शेवटी चर्चा सहा. बेरीज पस्तीस. तास पस्तीस मिनिटांचा. बाईंनी बेरजेखाली दोन रेघा मारल्या.

वन्सं चहाचा कप घेऊन पाठीमागून वाचत होत्या.

"वहिनी, बेरीज बरोबर आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी चुकलंय."

"नाही हो, बेरीज अगदी बरोबर. फक्त मुलं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कधी जाणार? उडून?"

बाईंनी एक रेघ खोडली. चर्चेतली दोन मिनिटं काढून चालण्याला दिली. सुबक टाचणावर पहिला डाग पडला. वन्संनी तो डाग बघून चहाचा मोठा घोट घेतला, आणि त्या घोटात साखर जरा जास्तच असावी असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

रविवारी दुपारी घरातच रंगीत तालीम झाली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला कप्पी बांधली. बाईंचे यजमान टपाल कचेरीत पार्सलं घ्यायला बसत. वीस वर्षांत एवढी पार्सलं हातावरून गेली होती, की काट्यावर ठेवण्याआधीच वजन सांगायचा त्यांना नाद लागला होता. त्यांना स्टुलावर उभं करून दोरी ओवायला लावलं होतं.

"अहो, नीट धरा. नाहीतर भार म्हणून तुम्हालाच टांगीन."

"मग कप्पी चल ठेव," यजमान म्हणाले. "स्थिर कप्पीने मी उचलला जायचो नाही."

दोरीच्या एका टोकाला दोनशेची पिशवी. दुसऱ्या टोकाला ताणकाटा अडकवला, आणि बाईंनी त्याची कडी धरून तो सावकाश खाली ओढला. पिशवी वर गेली. बाईंनी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून वाचलं.

"किती?" वन्संनी विचारलं.

"एकशे... थांबा."

"एकशे थांबा ग्रॅम?"

"एकशे सत्तर."

पुस्तकात लिहिलेलं असतं की स्थिर कप्पी जोर वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढायचं, एवढाच तिचा उपकार. म्हणजे दोनशेला दोनशे लागायला हवे, आणि घर्षण धरलं तर थोडे जास्तच. इथे तर तीस कमी. बाईंनी कप्पीला तेल घातलं. एकशे सत्तर. दोरी बदलली. एकशे सत्तर. दुसरा ताणकाटा आणला, तो जुळा भाऊ असल्यासारखा एकशे सत्तरच म्हणाला.

"वा!" वन्सं म्हणाल्या. "फुकटात तीस ग्रॅम देणारी कप्पी. वहिनी, हिचं दुकान काढा."

चल कप्पी मात्र शहाण्यासारखी वागली. पिशवी दोनशे, कप्पी स्वतः चाळीस, मिळून दोनशेचाळीस, दोरीच्या दोन पदरांत वाटून एकशेवीस. काटा वर धरून ओढला तर सव्वाशेच्या आसपास आला, आणि वरचे पाच घर्षणाचे म्हणून बाईंनी ते आनंदाने लिहून घेतले. पण स्थिर कप्पीचं कोडं सुटेना. संध्याकाळ झाली, यजमान स्टुलावरून उतरले, वन्सं वर गेल्या. जाताना जिन्यातून म्हणाल्या, "गुरुवारी मोठ्या बाईंना हे सांगताना मला बोलवा हं. अगदी पुढच्या बाकावर बसेन."

आता इथे विज्ञानाच्या बाईंनी जे केलं, ते करायला एकोणीस वर्षं फळ्यावर बिनचूक उत्तरं लिहावी लागतात. साधा माणूस म्हणाला असता, काटा असं का दाखवतोय ते बघू. बाईंच्या डोक्यात मात्र उत्तर आधीच ठरलेलं होतं: दोनशे. तेव्हा चूक असलीच तर पिशवीची. त्यांनी पिशवी सोडली, थोडी वाळू घातली, ओढून बघितलं. एकशेऐंशी. अजून थोडी. एकशेनव्वद. अजून थोडी, आणि काटा दोनशेवर येऊन असा उभा राहिला, जसा काही तो लहानपणापासून तिथेच होता. पिशवी आता दोनशेतीसची झाली होती. चिठ्ठी तीच राहिली: २००.

मग लक्षात आलं, की याच पिशवीने चल कप्पीचा हिशोब बिघडणार. तिथे सव्वाशेचे एकशेचाळीस दिसतील. म्हणून कप्पीच्या टेबलावर पिशव्या दोन: स्थिर कप्पीसाठी लाल दोऱ्याने बांधलेली, चल कप्पीसाठी पांढऱ्या. एक खोटं ठेवलं की त्याला सोबतीला दुसरी पिशवी लागते, हे कुठल्याच टाचणात लिहिलेलं नसतं. दोन टेबलांसाठी लाल दोऱ्याच्या दोन पिशव्या झाल्या.

यजमानांनी सकाळी टेबल आवरताना एक पिशवी सहज तळहातावर घेतली.

"ही दोनशेची नाही."

"चिठ्ठी वाचा."

"चिठ्ठ्या वाचूनच आयुष्य गेलं माझं. ही सव्वादोनशेच्या पुढे आहे."

"तुमचा हात म्हातारा झालाय," बाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली. यजमानांनी आपल्या हाताकडे बघितलं. हात काही बोलला नाही, पण पटलेलं त्यालाही नव्हतं.

गुरुवारी प्रयोगशाळेत सगळं टाचणाबरहुकूम मांडलं गेलं. प्रयोगशाळेचे शिपाईमामा सकाळपासून स्टँड पुसत होते. मामा म्हणजे कमी बोलणारा माणूस. पंचवीस वर्षांत चार विज्ञानशिक्षक त्यांच्यासमोर आले आणि गेले, आणि मामांनी प्रत्येकाला मागितलेली वस्तू दिली. न मागितलेलं मत कुणालाच दिलं नाही. ताणकाटे टेबलावर ठेवताना त्यांनी बाईंकडे एकदा बघितलं, तोंड उघडलं, मग बरणीवरची धूळ दिसली म्हणून ती पुसायला गेले.

मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. गणिताच्या बाई म्हटल्याप्रमाणे पुढच्या बाकावर, वही उघडून. वहीत अजून काही लिहिलेलं नव्हतं, पण पेनाचं टोपण काढलेलं होतं.

प्रस्तावना पाच मिनिटांऐवजी चारच मिनिटांत झाली. बाईंना स्वतःचा अभिमान वाटला. मुलं टेबलांवर गेली. तरफेच्या टेबलावर एक गट शंभराचं वजन पट्टीवरून सरकवत सरकवत तीस सेंटिमीटरवर पोचला, आणि पट्टी आडवी झाल्यावर चौघंही हात वर करून मागे सरकले, पुन्हा बिघडू नये म्हणून.

"भार निम्मा, तर अंतर दुप्पट!" त्यांच्यातला एक ओरडला.

गणिताच्या बाईंनी मान हलवली. हलवायची नव्हती, गुणाकार बरोबर आला की त्यांची मान आपोआप हलत असे.

कप्पीच्या टेबलावर लाल दोऱ्याची पिशवी वर गेली आणि काट्याने दोनशे दाखवले. "स्थिर कप्पी जोर वाचवत नाही," मुलांनी लिहून घेतलं. बाईंनी घड्याळ बघितलं. सगळं मिनिटावर चाललं होतं. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर तो भाव आला होता, जो शाळेला रंग द्यायचं काम वेळेत संपल्यावर येतो.

मग तिसरं टेबल. 'बांधा आणि तपासा'.

तिथे एक मुलगी होती, तिला वर्गात खोडरबर म्हणत. एकदा लिहिलेलं तिला कधीच पसंत पडत नसे. तिच्या गटाने काठीला कप्पी बांधली, पिशवी टांगली, आणि आता काट्याने ओढायचं एवढ्यात ती म्हणाली, "थांबा. आपण ओढायचंच कशाला?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या टोकालाही दोनशेचीच पिशवी बांधू. मग दोन्ही सारखे. बोटाने ढकललं तरी वर जाईल. लिफ्टला असतं ना, दुसऱ्या बाजूला वजन."

कल्पना इतकी चांगली होती की मोठ्या बाई बाकावरून उठून टेबलापाशी आल्या. आपल्या टेबलावर पिशवी एकच, म्हणून खोडरबरने शेजारच्या कप्पीच्या टेबलावरून एक मागून आणली. कुणाला नको होती ती. लाल दोऱ्याची.

विज्ञानाच्या बाई तेव्हा तरफेच्या टेबलावर वाकलेल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, लाल दोरा बघितला, आणि टेबलांमधून वाट काढत निघाल्या. पण चालण्याला त्यांनी सगळ्या पाठात दोनच मिनिटं दिली होती.

खोडरबरने दोन्ही पिशव्या सारख्या उंचीवर धरल्या. "सोडते हं. जागच्या जागी थांबतील बघा."

लाल दोऱ्याची पिशवी धप्पकन टेबलावर बसली. दुसरी वर जाऊन कप्पीला धडकली आणि तिथेच लोंबत राहिली.

"हे काय?" खोडरबर म्हणाली. तिने पिशव्यांची टोकं अदलाबदल करून पुन्हा सोडल्या. लाल दोऱ्याची पुन्हा खाली. "बाई, दोनशे आणि दोनशे भांडतायत."

मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर वर सारला आणि दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. "दोन्ही दोनशेच्याच ना?"

बाईंच्या तोंडात शब्द तयार होता. तो शब्द विज्ञानशिक्षकाच्या तोंडात नेहमीच तयार असतो. "ते जरा घर्ष—"

"पण बाई," खोडरबर म्हणाली, आणि तिच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, म्हणून ते जास्त लागलं, "घर्षणाने तर हलणारं थांबतं ना? हे तर थांबायचं ते हललं."

पुढच्या बाकावर गणिताच्या बाई बसल्या होत्या. रविवारी एकशे सत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते आणि आज काट्यावर दोनशे स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते; वजाबाकी करायला त्यांना कागद लागत नव्हता. त्यांनी तोंड उघडलं असतं तर गुरुवार त्यांचा होता. त्या छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या. पंखा बंद होता, तरी बघत राहिल्या.

नणंदेने एवढी दया दाखवलेली बघून मात्र विज्ञानाच्या बाईंना राहवेना. टोमणा पचवता येतो. दया पचायला जड.

"त्या लाल दोऱ्याच्या पिशवीत," त्या म्हणाल्या, "तीस ग्रॅम जास्त आहेत. मी घातलेत."

"चुकून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मोजून."

कुणीतरी 'आई गं' म्हटलं. खोडरबरने पिशवी उचलून नीट न्याहाळली, जसं काही आत बाईंची सही सापडणार होती. "पण का, बाई?"

"कारण खऱ्या पिशवीला काटा एकशे सत्तर दाखवत होता. आणि पुस्तकात—" इथे त्यांचा आवाज जरा खाली गेला, "आणि मला दोनशे हवे होते."

"मग खरे किती लागतात?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत हे वाक्य त्यांनी वर्गात पहिल्यांदा उच्चारलं, आणि आश्चर्य म्हणजे छत पडलं नाही.

त्यानंतर पाठ टाचणातून निसटला. सहाही गट एका टेबलाभोवती गोळा झाले. खरी दोनशेची पिशवी टांगून काटा ओढला: एकशे सत्तर. अर्धा वर्ग म्हणाला, कप्पी जोर वाचवते, पुस्तक चुकलंय. पुस्तक चुकल्याचा आनंद सातवीला जितका होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही. उरलेले म्हणाले, काटा बिघडलाय.

"काट्याला सोडूनच देऊ," खोडरबर म्हणाली. तिने कप्पीच्या टेबलावरची पांढऱ्या दोऱ्याची पिशवी आणली. खरी दोनशे, त्याविरुद्ध खरी दोनशे. सोडल्या. दोन्ही हवेत थांबल्या. एका बाजूला लोखंडी नट अडकवला, तरी हलल्या नाहीत. दुसरा अडकवला, तेव्हा ती बाजू सावकाश खाली निघाली.

"हे घर्षण," बाई म्हणाल्या, आणि या वेळी तो शब्द खरा होता. "एका नटाचा जोर दोरीला आणि कप्पीला घासण्यातच जातो."

"म्हणजे दोनशेला दोनशे लागतातच. वर नटभर जास्तच," खोडरबर म्हणाली. "म्हणजे खोटारडा काटा!"

तिने काटा हातात घेतला, सरळ धरून पिशवी अडकवली. दोनशे. "आता खरं बोलतोय!" मग कप्पीला लावून ओढताना धरतात तसा, पिशवी अडकवायचा आकडा वर आणि धरायची कडी खाली करून नुसताच धरला. काहीही अडकवलेलं नसताना खुणेचा दर्शक शून्यावर थांबला नाही. शून्याच्या पलीकडे जाऊन खाचेच्या टोकाला टेकला.

"उलटा केला की आकडा आणि दांडीच स्प्रिंगवर बसते," मागून आवाज आला. शिपाईमामा बरणी पुसत उभे होते. "सरळ असताना त्यांचं वजन स्प्रिंग ओढतं, आणि ते धरूनच शून्य लावलेलं असतं. उलटा धरला की तेच वजन उलटं दाबतं. म्हणून कमी दाखवतो. मागचा स्क्रू फिरवून उलट्यातच शून्य लावून घ्यायचं, की झालं."

सगळे मामांकडे वळले. ती बहुधा मामांची त्या वर्षातली सर्वांत मोठी भाषणबाजी होती.

"मामा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?"

"पंचवीस वर्षं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही फळ्यावर काढत होता ना बाई. फळ्यावरचा काटा बरोबरच असतो."

एका गटाने स्क्रू फिरवून उलट्या काट्याचं शून्य लावलं, खरी पिशवी ओढली. दोनशेदहा. कुणीतरी टाळी वाजवली. आणि घंटा झाली.

दोन गटांना चल कप्पी मिळाली नव्हती. एका गटाने तरफ बघितलीच नव्हती. चर्चा झाली नव्हती. सुतळी जमिनीवर लोळत होती आणि सुबक टाचणावर कुणाचा तरी पाय पडला होता. मुलं जायला तयार नव्हती, म्हणून मामांना दार उघडून धरावं लागलं.

मोठ्या बाईंच्या खोलीत दोघी नणंदभावजया शेजारी शेजारी बसल्या. टेबलावर पाठनिरीक्षणाचा कागद होता. मोठ्या बाई मोठ्याने वाचत लिहीत होत्या, ही त्यांची सवय भल्याभल्यांना घाम फोडायची.

"पाठ नियोजनानुसार पूर्ण झाला का? नाही. वेळेचं व्यवस्थापन? नाही. साहित्य विश्वसनीय होतं का?" त्यांनी पेन थांबवलं. "इथे काय लिहू?"

"काही पिशव्या सोडून," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी तसंच लिहिलं. मग गणिताच्या बाईंकडे वळल्या. "तुम्ही म्हणाला होता, गोंधळ झाला तर मोजाल. किती झाला?"

गणिताच्या बाईंनी वही पुढे केली. पानभर आकडेमोड होती: एकशे सत्तर, दोनशे, दोनशेतीस, नटाचं वजन, आणि खाली एका गटाच्या चुकलेल्या बेरजेला मारलेली लाल फुली.

"मोजायला घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "मग ती पोरगी दोन पिशव्या टांगायला निघाली आणि माझं मोजणं राहून गेलं. मला वाटलं होतं दोन नटांआधीच हलेल. हललं नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "गुरुवार मलाच द्या, असं मी आता म्हणू शकत नाही. म्हणजे म्हणू शकते, पण मग घरी चहा मिळायचा नाही."

"चहाचा प्रश्न तुम्ही घरी सोडवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "जोडतास विज्ञानाला. ते काम पस्तीस मिनिटांत होत नाही, हे मी आज बघितलं. पण माझ्या दोन अटी. एक, तुमचं ते तीस ग्रॅमचं प्रकरण दुसऱ्या तुकडीला तुम्ही स्वतः सांगायचं, जसं झालं तसं."

"सांगेन," बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि दुसरी. पुढच्या गुरुवारी मला मागच्या बाकावर बसवू नका. मला त्या चल कप्पीला हात लावायचा होता. सगळा तास कुणी विचारलंच नाही."

विज्ञानाच्या बाईंनी मान डोलावली. गणिताच्या बाईंनी वही मिटली, आणि दोघी बाहेर पडल्या. व्हरांड्यात अजून सातवीची चार पोरं 'घर्षणाने थांबतं की हलतं' यावर एकमेकांचे कान पकडत होती.

"मॅडम," वन्सं म्हणाल्या, कारण अजून शाळेच्या आवारात होत्या, "पुढच्या गुरुवारी मलाही एक टेबल द्या."

"कुठलं हवंय?"

"तरफेचं. तिथे गुणाकार आहे."

"देईन," वहिनी म्हणाल्या. "पण पिशव्या तुम्ही भरायच्या. मी जवळ येणार नाही."

वन्संनी तिथेच व्हरांड्यात थांबून पिशव्या किती लागतील ते विचारलं. आकडा मिळाल्यावर, पोरं एका टेबलावरची पिशवी दुसऱ्या टेबलावर नेतील म्हणून दोन जास्तीच्या भरायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं.